सहा दिवस शौचाला झालेलं नाही, घरी एनिमा द्यायचा आहे

प्रश्न: आई ७४ वर्षांची, वजन ४८ किलो. बारा दिवसांपूर्वी उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं, अर्धा खुबा बदलला. ट्रॅमाडॉल, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत. बीपीची गोळी आहे (लोसार्टन, त्यात लघवीचं औषधही आहे). शेवटचा क्रिएटिनिन १.६ होता. सहा दिवस शौचाला नाही. वारा सरतो, उलटी नाही, पोट थोडं फुगलंय. कालपासून कपड्याला पातळ डाग लागतोय. डॉक्टर फोनवर म्हणाले, घरीच एनिमा द्या. मेडिकलवाल्याने १०० मिलीची तयार बाटली दिली. कसं झोपवायचं, नळी किती आत घालायची आणि किती वेळाने होतं?

उत्तर:

ती बाटली आधी बाजूला ठेवा. मेडिकलमध्ये नुसतं ‘एनिमा द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा सोडियम फॉस्फेटचीच बाटली हातात पडते. तरण्या, धडधाकट माणसाला ती सोयीची असते. तुमच्या आईला मात्र ती नको. या द्रावणात क्षार खूप तीव्र असतात. ते आतड्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेतात, त्यामुळे मळ सुटतो. पण ते पाणी शरीरातलंच असतं, आणि त्याच वेळी फॉस्फेट रक्तात शोषलं जातं. ते बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं, आणि १.६ क्रिएटिनिन म्हणजे ते काम आधीच मंदावलेलं आहे. बाटलीतलं पाणी बाहेर न येता आतच राहिलं तर रक्तातलं फॉस्फेट चढतं, कॅल्शियम उतरतं, आणि हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली या औषधांबद्दल इशारा दिला होता. चोवीस तासांत एकाहून जास्त डोस नको असं त्यात सांगितलं होतं. पंचावन्नच्या पुढची माणसं, मूत्रपिंडाचे रुग्ण, शरीरात पाणी कमी असलेले आणि लोसार्टनसारख्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांच्या बाबतीत विशेष जपा, असंही होतं. या यादीत तुमच्या आईला लागू न पडणारं फारसं काही उरत नाही.

म्हणून डॉक्टरांना पुन्हा फोन लावा आणि नेमकं विचारा: “क्रिएटिनिन १.६ आहे, लोसार्टन चालू आहे. फॉस्फेटऐवजी नॉर्मल सलाइनचा एनिमा दिला तर चालेल का? आणि रक्त पातळ करायचं औषध चालू असेल, तर त्याचं काय?” खुब्याच्या ऑपरेशननंतर काही आठवडे पोटावर सुई किंवा गोळी देऊन रक्त पातळ ठेवतात. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण फाइल उघडून पाहा. ते चालू असेल तर आत लागलेला लहानसा ओरखडाही बराच वेळ वाहतो.

उलट्या, वारा सरणं पूर्ण बंद, पोट ढोलासारखं ताठ, ताप, सतत वाढणारी कळ किंवा लाल रक्त, यातलं एक जरी असेल तरी घरी काहीच करायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. आतडं अडलेलं असताना मागून पाणी भरणं धोक्याचं असतं. वारा सरतोय आणि उलटी नाही हे तुम्ही आवर्जून लिहिलंत ते बरं झालं, कारण त्यावरच पुढचं सगळं सांगता येतं.

आता तो पातळ डाग. घरातल्यांना वाटतं, सुटलं एकदाचं, आता जुलाब होतायत. बहुतेक वेळा उलट असतं. खाली गुदाशयात कडक मळाचा खडा बसलेला असतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपतो. अशा वेळी कुणी जुलाब थांबवायची गोळी दिली तर पंचाईत. खडा दाराशीच असेल तर एनिमाचं पाणीही वर चढत नाही, कडेने तसंच परत येतं. एनिमा ‘लागला नाही’ असं लोक म्हणतात, त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

त्यामुळे एनिमाच्या आधी खडा कुठे आहे ते कळायला हवं. हातमोजा घालून, तर्जनीला भरपूर जेली लावून, आईला कुशीवर झोपवून, बोट हळूच आत सरकवायचं, पेरं-दोन पेरं. नखं कापलेली हवीत. कडक, मातीच्या गोळ्यासारखं काही लागलं तर खडा खालीच आहे. मऊ लागलं तर एनिमाने काम होईल. काहीच लागलं नाही तर मळ वर अडकलाय. मग मागून दिलेल्या पाण्याचा उपयोग कमी, पोटात घ्यायच्या औषधाचा जास्त, आणि तसं डॉक्टरांना कळवायचं. आईला असं बोट घालून पाहायला मुलाला अवघड वाटणं साहजिक आहे. एखादी नर्स किंवा घरी ड्रेसिंगला येणारी ताई असेल तर हे काम तिच्यावर सोपवा. खडा बोटाने फोडून काढायच्या भानगडीत मात्र तुम्ही पडू नका. गुदाशय ताणला की काही म्हाताऱ्या माणसांची नाडी एकदम मंदावते आणि ती बसल्या जागी बेशुद्ध पडतात.

खाली कडक खडा लागला, आणि तुमच्या वर्णनावरून तो लागेलच असं वाटतं, तर सुरुवात ग्लिसरीनच्या सपोझिटरीने, म्हणजे मागून घालायच्या वडीने, करायची. ती मळाच्या गोळ्यात खुपसायची नाही, गोळा आणि भिंत यांच्या मधून भिंतीला टेकून ठेवायची. मळातच रुतली तर ती नुसती विरघळते. भिंतीला लागली तरच आतडं आवळतं. अर्धा तास वाट पाहायची. पुढचा एक-दोन इंचांचा खडा निघाला की वर पाण्याला वाट मिळते.

सामान काय लागेल ते सांगतो. ५०० मिलीची नॉर्मल सलाइनची बाटली, लेबलवर ‘सोडियम क्लोराइड ०.९%’ असं लिहिलेली. साखरेची, म्हणजे डेक्स्ट्रोजची नको. एनिमाचा डबा किंवा पिशवी, तिची नळी आणि नळीवरचा चिमटा. डब्याबरोबर टणक प्लास्टिकची तोटी येते, ती फेकून दिलीत तरी चालेल. तिच्याऐवजी मऊ रबरी कॅथेटर जोडा, करंगळीहून बारीक. हातमोजे, पाण्यात विरघळणारी साधी जेली, दोन अंडरपॅड किंवा रबरी कापडावर जुनी चादर, बेडपॅन, आणि कमोडची खुर्ची. जेली घेताना एक ध्यानात ठेवा: लघवीची नळी घालताना वापरतात ती लिग्नोकेनची जेली इथे नको. ती जागा बधिर करते, आणि दुखणं हीच तर तुमची धोक्याची घंटा आहे. जेली नसेल तर एकवेळच्या वापराला खोबरेल तेल चालतं.

घरातल्या नळाचं साधं पाणी ५०० मिलीभर देऊ नये, कारण ते आतड्यातून रक्तात शोषलं जातं आणि म्हातारपणी सोडियम आधीच काठावर असतं. साबणाचं पाणी तर नकोच. जुन्या लोकांना हॉस्पिटलातला साबणाचा एनिमा आठवतो, पण साबण आतलं अस्तर सोलवटून काढतो. लिंबू, कॉफी, मध, इंटरनेटवर दिसेल ते, सगळं त्याच रांगेत.

सलाइन कोमट हवं, अंगाच्या उष्णतेइतकं, ३७ ते ४० अंश. बंद बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवायची, हलवायची, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहायचं. ना गार ना गरम लागलं की बरोबर. गार पाण्याने मुरडा येतो, गरम पाण्याने आतून भाजतं आणि ते बाहेरून दिसत नाही. मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, मधेच कुठेतरी उकळतं राहतं.

झोपवणं ही तुमच्या बाबतीतली खरी अडचण आहे. पुस्तकी पद्धत अशी: डाव्या कुशीवर, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाशी. डावी कूस का, तर गुदाशयानंतरचं आतडं डावीकडे वळतं, त्यामुळे पाणी उताराने आत जातं. आयुर्वेदात बस्ती देतानाही डाव्याच कुशीवर झोपवतात. पण आईचा उजवा खुबा नवा आहे. गुडघा पोटाशी ओढला तर खुबा नव्वद अंशांच्या पुढे दुमडतो आणि सांधा निखळू शकतो. पाय मध्यरेषेच्या पलीकडे गेला किंवा पाऊल आत वळलं तरी तेच. तेव्हा डावी कूस ठेवायची, पण दोन्ही पायांमध्ये मांडीपासून घोट्यापर्यंत जाड उशी घालून. उजवा गुडघा थोडासाच वाकलेला, खुर्चीत बसल्यावर वाकतो त्याहूनही कमी. वळवताना दोघांनी मिळून, खांदा आणि कंबर एकाच वेळी, ओंडका फिरवतात तसं वळवायचं. पाठ तुमच्याकडे, पलंगाच्या काठाशी. ऑपरेशन डाव्या खुब्याचं असतं तर सर्जनला विचारल्याशिवाय त्या कुशीवर टाकायचंच नव्हतं. तशा वेळी उजव्या कुशीवर किंवा बेडपॅनवर उताणं झोपवूनही काम होतं, पाणी जरा कमी चढतं इतकंच.

वेळ सकाळची धरा. चहा-नाश्त्यानंतर आतडं आपसूक हालायला लागतं, त्याचा फायदा मिळतो, आणि दिवसा घरात माणसं असतात. रात्री एनिमा देऊन दोन वाजता आईला वॉकरवर संडासाकडे पळवायचं, आणि वाटेत ती पडायची, असं नको. आधी लघवी करून घ्यायला सांगा.

डब्यात सलाइन ओता. चिमटा उघडून थोडं पाणी बेडपॅनमध्ये सोडा, म्हणजे नळीतली हवा निघते, मग चिमटा बंद. हवा आत गेली तर आधी पोट फुगतं आणि आई लगेच म्हणते, “बस, आता नको.” कॅथेटरच्या टोकापासून चार बोटं मोजा आणि तिथे चिकटपट्टीची खूण करा. ही झाली साधारण साडेसात सेंटिमीटर, तीन इंच. मोठ्या माणसाला साडेसात ते दहा सेंटिमीटर पुरतं, आणि आईच्या चणीला चार बोटं पुष्कळ. गुदमार्ग तीन-चार सेंटिमीटरचा असतो, त्यापुढे गुदाशय. म्हणजे नळीचं टोक आवळणाऱ्या स्नायूच्या पलीकडे जरासं पोचलं की झालं. आणखी आत गेल्याने पाणी वर चढत नाही, ते डब्याच्या उंचीने चढतं. खोल घातल्याने भिंतीला भोक पडायची शक्यता तेवढी वाढते.

वरचा नितंब डाव्या हाताने उचलून द्वार नीट दिसेल असं करा. अंदाजाने घालायचं नाही. आईला सांगा, “जोर केल्यासारखं कर आणि तोंडाने श्वास सोड.” जोर करताना तो स्नायू सैल पडतो, त्याच क्षणी नळी सरकवा. दिशा आधी बेंबीकडे, दोन बोटं आत गेली की किंचित पाठीच्या कण्याकडे. ही वळणाची जागा सांभाळायची असते. बेंबीच्या दिशेनेच रेटत राहिलं तर टोक समोरच्या भिंतीला जाऊन टेकतं, आणि इजा झाली तर बहुतेक तिथेच होते. अडलं तर ढकलू नका. अर्धं बोट मागे घ्या, चिमटा जरा उघडून थोडं पाणी सोडा, वाट मोकळी होते. तरीही अडलं किंवा टोचल्यासारखं दुखलं तर नळी काढा, त्या दिवशी तिथेच थांबा.

मग डबा उचला. गादीपासून दीड वीत, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या आसपास. दोन वितींच्या, ४५ सेंटिमीटरच्या वर न्यायचा नाही. खिळ्याला टांगू नका, हातात धरा, म्हणजे गरज पडली की लगेच खाली घेता येतो. डबा जितका उंच तितका पाण्याचा दाब जास्त, आणि दाब जास्त झाला की आतडं आवळून सगळं बाहेर फेकतं. ४०० मिली पाणी आठ-दहा मिनिटांत जाऊ द्या. पहिल्या शंभर-दीडशे मिलीनंतर बहुतेक सगळेच म्हणतात, “आली, आली.” तो खरा वेग नसतो, आतडं ताणल्याची कळ असते. चिमटा लावा, डबा खाली घ्या, अर्धा मिनिट थांबा, तोंडाने लांब श्वास घ्यायला लावा. कळ ओसरली की पुन्हा सुरू. ओसरलीच नाही तर जेवढं गेलं तेवढ्यावर थांबा. आईला ५०० मिलीच्या वर देऊ नका.

डबा पूर्ण रिकामा व्हायच्या आधी चिमटा लावायचा, नाहीतर शेवटी हवा जाते. नळी हळू काढा, नितंब पॅडने दाबून धरा, त्याच कुशीवर पाच ते दहा मिनिटं पडू द्या. या वयात दहा मिनिटं धरवत नाही, पाच धरली तरी चालतं. वेग आला की दोघांनी धरून कमोडच्या खुर्चीवर बसवा. बैठक उंच हवी, गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. बद्धकोष्ठासाठी पायाखाली स्टूल घ्या असं सगळीकडे सांगतात, आईला ते नको, कारण तेच वाकणं वाढतं.

सगळं सुरळीत झालं तर सकाळ साधारण अशी जाते: दहाला सपोझिटरी, साडेदहाच्या सुमाराला एक-दोन काळपट खडे. लोहाच्या गोळीमुळे रंग काळपट हिरवा असतो, त्याला घाबरू नका. डांबरासारखं चिकट, काळंभोर आणि उग्र वासाचं असेल तर मात्र कळवा. अकराला सलाइन सुरू, सव्वाअकराला कमोडवर. आधी नुसतं गढूळ पाणी येतं आणि घरातले निराश होतात. थांबा. पाच-दहा मिनिटांत खडे, मग त्यामागून मऊ मळ, असं दोन-तीन खेपांत बाराच्या आसपास आटोपतं. बसल्या जागी एकटं सोडायचं नाही. पोट एकदम रिकामं झालं की बीपी उतरतं. घाम, चेहरा पांढरा, जांभया, “डोळ्यांपुढे अंधारी येते” असं काही दिसलं की जोर करणं थांबवा, पलंगावर आडवं करा, पाय जरा वर.

अर्धा-पाऊण तास झाला आणि पाणी परतच आलं नाही तर दुसरा एनिमा भरायचा नाही. कुशीवर वळवा, मोकळी नळी पुन्हा चार बोटं घालून दुसरं टोक पलंगाच्या खाली बेडपॅनमध्ये धरा. बऱ्याचदा पाणी उताराने निघून येतं. नाही आलं तर डॉक्टरांना फोन. आणि उलट झालं, म्हणजे पाणी जात असतानाच कडेने बाहेर वाहू लागलं, तर खडा अजून दाराशी आहे. मग त्या दिवशी पाण्याचा हट्ट सोडा. डॉक्टरांना विचारून रात्री १०० मिली कोमट तेलाचा एनिमा देता येतो. तो लगेच बाहेर काढायचा नसतो, निदान तास-अर्धा तास, जमलं तर रात्रभर आत राहिला तर खडा मुरतो, आणि दुसऱ्या दिवशी सलाइन लागू पडतं.

कपड्याला रक्ताची एखादी रेघ खड्याच्या घासण्याने येते. चमचाभर लाल रक्त, नळी काढल्यावरही न थांबणारं दुखणं, पोट ताठ होत जाणं किंवा संध्याकाळपर्यंत थंडी-ताप, ही मात्र आतून इजा झाल्याची लक्षणं. यात उद्यापर्यंत थांबायचं नाही.

ज्यांना मूत्रपिंडाचा, हृदयाचा त्रास नाही आणि बीपीच्या अशा गोळ्या नाहीत, त्यांच्यासाठी ती तयार बाटली वापरायची झाली तर रीत सोपी आहे. हीच कूस, टोपण काढून तोटी पूर्ण आत (ती जेमतेम दोन इंचांचीच असते), बाटली खालून वर गुंडाळत सावकाश दाबायची आणि दाब न सोडता काढायची, नाहीतर आत गेलेलं परत ओढलं जातं. वेग दोन ते पाच मिनिटांत येतो. दहा मिनिटांहून जास्त धरून ठेवू नये, आणि अर्ध्या तासात काहीच बाहेर आलं नाही तर दुसरी बाटली न वापरता डॉक्टरांना गाठावं. दोन वर्षांखालच्या मुलाला ही बाटली कधीच नाही.

एनिमाने आजचं पोट मोकळं होईल, पण ट्रॅमाडॉल आतड्याची हालचालच मंद करतं. ते चालू असेपर्यंत रोजचं रेचक हवं, त्याचं नाव आणि मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या. लोहाची गोळी काही दिवस थांबवता येईल का तेही विचारा. इसबगोल मात्र आपल्या मनाने सुरू करू नका. ते पाणी शोषून फुगतं, आणि पडून असलेली, दिवसाला तीन-चार पेलेच पाणी पिणारी, वर ट्रॅमाडॉल घेणारी बाई असेल तर त्याचाच आत बोळा होतो. एनिमानंतर दोन दिवस शौचाला झालं नाही तर ते ठीक आहे, आतडं रिकामंच असतं. तिसऱ्या दिवशीही नाही झालं तर एनिमाचा डबा काढायच्या आधी रेचकाची मात्रा वाढवायची का ते विचारा.